बुडख्याचा फोटो वाचताना

सागवानाच्या लाकूड आगारात मोजमापाचं काम बरीच वर्षं केल्यामुळे लोक मला तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांचे फोटो पाठवतात. प्रश्न बहुतेक दोनच असतात: झाड किती वर्षांचं होतं, आणि ते खरंच आजारी होतं का? हे फोटो पाहताना जे पक्कं समजलं, ते एका सागाच्या आधाराने लिहितो. शहरातल्या एका सोसायटीच्या आवारातला हा साग ‘आतून कुजलाय, धोकादायक आहे’ म्हणून तोडला होता.

१. आधी झाड कोणतं, ते विचारा.

साग उन्हाळ्यात पानं टाकतो आणि त्याची वाढ थांबते. पाऊस आला की नवं लाकूड मोठ्या छिद्रांनी सुरू होतं. छिद्रांची ही ओळ नुसत्या डोळ्यांना दिसते, म्हणून सागाची वर्षं मोजता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळातल्या मोसमी पावसाचा अभ्यास केला आहे, तो याच गुणामुळे. तूणही बऱ्यापैकी वाचता येतो. आंबा, वड, पिंपळ यांच्या लाकडात पट्टे दिसले तरी एक पट्टा म्हणजे एक वर्ष असा भरवसा नसतो. अशा झाडाच्या फोटोवरून मी वय सांगत नाही. लावणीची नोंद, जुने फोटो, शेजारची म्हातारी माणसं, यांच्याकडे जायला सांगतो.

२. फोटो सरळ वरून हवा आणि त्यात मोजपट्टी हवी.

तिरक्या फोटोत एक बाजू आखूड होते आणि वलयांची रुंदी खोटी येते. फोन अगदी जवळ धरला तर कडा फुगतात, म्हणून थोडं उंचावरून घेऊन झूम करावं. भुसा झाडून सालीपासून मध्यापर्यंत दोन बोटं रुंदीची एक पट्टी पटाशीने किंवा रंध्याने गुळगुळीत करावी आणि तिच्यावर पाणी मारावं. लाकूड ओलं झालं की वलयं उठून दिसतात. हे केलं नाही तर साखळी करवतीचे ओरखडेच वलयं म्हणून मोजले जातात. ओळखायची खूण अशी: करवतीचे ओरखडे एका बाजूने दुसऱ्या बाजूला आडवे निघून जातात, वलय मध्याभोवती फिरतं.

३. सागाच्या बुडाशी खाचा असतात, त्यामुळे एकाच रेषेवर मोजू नका.

उंचवट्यावर वलयं रुंद असतात. खाचेत ती इतकी दाटतात की दोन-तीन मिळून एकच वाटतात. मी किमान दोन रेषांवर मोजतो. दहा-दहा वलयांवर खूण करून एका रेषेवरचं वलय बोटाने दुसऱ्या रेषेपर्यंत नेऊन पाहतो. खोटं वलय इथेच सापडतं. पावसाने मध्येच मोठा खंड दिला किंवा पानं खाणाऱ्या अळीने ऐन पावसाळ्यात झाड ओकंबोकं केलं, तर एका वर्षात दोन पट्टे पडू शकतात. खऱ्या वलयाची आतली कड तीक्ष्ण असते, तिच्यापाशीच मोठ्या छिद्रांची ओळ लागते आणि ते पूर्ण फिरतं. खोटं वलय दोन्हीकडे विरघळत जातं आणि पुष्कळदा अर्ध्या वाटेवर संपतं.

४. कुजलेल्या मध्याची वर्षं अंदाजाने भरावी लागतात, आणि तो अंदाज दोन टोकांचा असतो.

सोसायटीच्या सागाची निवडलेल्या रेषेवरची त्रिज्या साल सोडून २६ सेंमी होती. मधले ९ सेंमी कुजून गेले होते. उरलेल्या १७ सेंमीत ४१ वलयं मिळाली. कुजलेल्या भागाला लागून असलेली १० वलयं साडेपाच सेंमीत होती, म्हणजे एक वलय साडेपाच मिमीचं. त्याच वेगाने धरलं तर मधल्या ९ सेंमीला १६ वर्षं लागली असतील. पण कोवळा साग बहुधा याहून जोरात वाढतो. वर्षाला ९ मिमी धरले तर १० वर्षं होतात. रोप करवतीच्या उंचीपर्यंत यायला आणखी एखादं वर्ष. म्हणजे वय ५२ ते ५८. मी असं दोन आकड्यांतच सांगतो. मध्य गेलेला असताना ‘५५ वर्षांचं’ असं नेमकं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

५. मधली कूज म्हणजे झाडाचा आजार, असं नसतं.

सगळ्यांची नजर मधल्या काळ्या खड्ड्यावर जाते. पण गाभ्याचं लाकूड हा झाडाचा मेलेलाच भाग असतो. पाणी वर जातं ते सालीखालच्या फिकट लाकडातून, आणि नवी वाढ होते ती सालीच्या लगत. तुटलेल्या फांदीतून किंवा मुळाच्या जखमेतून बुरशी गाभ्यात शिरते. झाड तिला मारू शकत नाही, ते तिच्याभोवती बंदोबस्त उभा करतं. अमेरिकन वनसंशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी ही गोष्ट सविस्तर मांडली. फोटोत कुजलेल्या भागाभोवती गडद, सलग रेघ आणि तिच्या बाहेर घट्ट लाकूड दिसलं, तर झाडाने कूज अडवली होती असं मी धरतो. रेघ तुटून कूज जिभेसारखी सालीकडे सरकलेली दिसली, तर प्रकरण गंभीर.

नुसत्या रंगावर जाऊ नका. सागाच्या गाभ्यात काळसर रेषा मुळातच असतात. कूज पोतावरून ओळखावी: फिकट, तंतुमय, स्पंजासारखं झालेलं लाकूड, किंवा तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकलेलं आणि भुगा होणारं.

ताकदीचाही हिशेब करता येतो. गोल खोडाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद पोकळीमुळे किती घटते, ते पोकळीची त्रिज्या भागिले खोडाची त्रिज्या, या गुणोत्तराच्या चौथ्या घाताने कळतं. या सागात ९ भागिले २६, म्हणजे सुमारे ०.३५. त्याचा चौथा घात दीड टक्का. त्या कापावर झाडाची ताकद फक्त दीड टक्क्याने घटली होती! पोकळी त्रिज्येच्या ७० टक्के असती तर घट २४ टक्के झाली असती. हा हिशेब मध्यावरच्या, सर्व बाजूंनी बंद पोकळीचा आहे आणि एकाच उंचीचा आहे. वर ढोली मोठी होती का, मुळं कुजली होती का, हे बुडख्याचा फोटो सांगत नाही.

६. तब्येत पाहायची तर सालीलगतची वलयं पाहा.

वय वाढेल तशी वलयं अरुंद होणं स्वाभाविक आहे, कारण तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरतं. खरी खूण म्हणजे अचानक पडलेला फरक. या सागाची शेवटची ८ वलयं मिळून जेमतेम १ सेंमी होती. त्याआधीची २३ वलयं सरासरी साडेचार मिमीची होती. घेर हिशेबात धरूनही वर्षाचं नवं लाकूड जवळपास एक तृतीयांशावर आलं होतं. आठ वर्षांपूर्वी काय झालं, असं विचारल्यावर रहिवाशांनी सांगितलं की तेव्हा पार्किंगसाठी खोडापर्यंत काँक्रीट केलं होतं. एका फोटोवरून कारण सिद्ध होत नाही, पण वेळ जुळते. झाड कमकुवत झालं होतं हे खरं. मात्र त्याचा पुरावा कडेला होता आणि तोडताना बोट दाखवलं गेलं मध्याकडे.

७. वयाच्या आकड्याला कायद्यात किंमत आहे.

महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाबदली किती झाडं लावायची, तेही त्याच्या वयावरून ठरतं. आपल्या सागाचा खालचा आकडाही ५२ होता. म्हणून आवारात झाड पडलं की बुडखा उखडायच्या आत मोजपट्टी ठेवून, पाणी मारून, सरळ वरून फोटो काढा. जमलं तर बुंध्याची एक चकती कापून सावलीत वाळवायला ठेवा, कारण फोटोत राहिलेली शंका चकतीवर भिंग धरून मिटवता येते.