पहिला खेळ कुणाला द्यायचा?

अगं, त्या मेलला अजून उत्तर पाठवू नकोस. ‘अभिनंदन, आपल्या चित्रपटाची निवड झाली आहे’ हे वाचून तू रात्रपाळीवरून आल्या आल्या मला फोन केलास, आवाज कापत होता तुझा. मला कळतंय. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी शूटिंग केलंस, म्हाळुंगेच्या खोल्यांत, तळेगाव चौकातल्या गर्दीत, कंपनीच्या बसमध्ये. पण पत्राच्या खालच्या ओळी वाचल्यास का? सन्मानचिन्ह हवं तर वेगळे पैसे, आणि सिनेमा आठवडाभर त्यांच्या साइटवर सगळ्यांना खुला.

मी हेच करून बसले होते. माझा सिनेमा अशाच एका ऑनलाइन महोत्सवाला दिला, पोस्टरवर पानांची नक्षी मिरवली. चार महिन्यांनी बाहेरच्या एका चांगल्या महोत्सवातून विचारणा आली, की सिनेमा आवडलाय, आधी कुठे दाखवलाय का? मी खरं ते सांगितलं. पुढचं पत्र दोन ओळींचं होतं. त्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत, म्हणून तुला एवढं पोटतिडकीने सांगतेय.

सिनेमाचा पहिला जाहीर खेळ एकदाच होतो, आणि मोठे महोत्सव तोच मागतात. जगात कुठेच दाखवलेला नसेल तर तो जागतिक प्रीमियर. आपल्या देशात झाला आणि आता पहिल्यांदा बाहेर चाललाय, तर आंतरराष्ट्रीय प्रीमियर. त्याखाली आशियातला पहिला, भारतातला पहिला, अशा पायऱ्या. व्हेनिसला जागतिकच लागतो. काही महोत्सवांना मायदेशातला खेळ चालतो, काहींना बिलकूल नाही. प्रत्येकाची नियमावली अर्ज भरण्याआधी वाचायची. या पायऱ्या वरून खाली उतरता येतात, उलट नाही. म्हणून क्रम बाहेरून घराकडे लावायचा. कलाकारांना आणि युनिटला घरगुती दाखवलास तर काही बिघडत नाही. मंडळाच्या पटांगणात पडदा लावून, फलक लावून दाखवलास, तर तो जाहीर खेळ झाला. परीक्षकांना पासवर्ड असलेली लिंक द्यायची, आणि एकदा दिली की निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता ‘साबर बोंडं’ बघ. रोहन कानवडेंचा सिनेमा. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, आणि तिथला त्याचा मित्र. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्सला पहिला खेळ झाला आणि परदेशी कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लोकांना ते एका रात्रीत घडल्यासारखं वाटलं. पण शूटिंगच्या कितीतरी आधी ती पटकथा व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजमध्ये घासूनपुसून झाली होती. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’लाही कागदावर असतानाच रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स निधीचा हातभार होता, मग २०१४ला व्हेनिस. अशा ठिकाणी फक्त पैसे किंवा धडे मिळत नाहीत. महोत्सवासाठी सिनेमे निवडणाऱ्या माणसांना तुझं नाव दोन वर्षं आधीपासून ऐकून माहीत होतं, हा खरा फायदा. हजारो अर्जांच्या ढिगातून तुझी लिंक उघडताना त्यांच्या मनात काहीतरी ओळख असते.

तुझं शूटिंग झालंय, त्यामुळे पटकथेची दारं आता बंद. पण गोव्याचा फिल्म बाजार आहे ना! एनएफडीसीचा, नोव्हेंबरात इफ्फीच्या सोबतीने भरतो. तिथे अर्धवट संकलन झालेल्या सिनेमांसाठी वेगळा विभाग असतो, बाहेरचे निवडकर्ते आणि विक्री करणारे एजंट येऊन बघतात. आणि तो बाजार असल्यामुळे तिथे दाखवल्याने तुझा पहिला खेळ खर्च होत नाही. मात्र बाजार आणि महोत्सव यांत गल्लत करायची नाही. कानच्या बाजारात पैसे भरून खेळ लावता येतो, त्याला ‘कानमध्ये निवड’ म्हणत नाहीत, आणि जाणकार माणूस हा फरक एका प्रश्नात ओळखतो.

बाहेरच्या मोठ्या महोत्सवाची फी पाचपासून पंधरा हजारांपर्यंत जाते. तुझ्या पगारात वर्षाला चार-पाचच झेपतील, तर तेवढेच निवड. लवकरच्या मुदतीत भर, फी कमी असते. नकार आला तर पुढचा. आणि मग पुण्याचा पिफ तर आपलाच आहे. तिथल्या मराठी स्पर्धेचं पारितोषिक ‘संत तुकाराम’च्या नावाचं आहे. प्रभातचा तो सिनेमा १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला होता. आपल्या निगडीपासून देहू किती लांब, सांग!

निवड झाली की दुसरं काम सुरू होतं, आणि तिथे मला तुझी खरी काळजी आहे. बसमधला तो सीन. ड्रायव्हरच्या मागे रेडिओवर पूर्ण गाणं वाजतंय आणि खिडकीतून कंपनीची पाटी लख्ख दिसतेय. महोत्सवात कुणी हटकणार नाही कदाचित. पण वितरक किंवा ओटीटीवाले करार करताना प्रत्येक सुराचा, प्रत्येक चेहऱ्याचा परवाना मागतात. गाण्याचे हक्क फक्त महोत्सवापुरते स्वस्तात मिळतात, तेवढ्यावर सिनेमा विकता येत नाही. मी तुझ्या जागी असते तर आत्ताच ते गाणं काढून इंजिनाचा आवाज आणि बायकांच्या गप्पा ठेवल्या असत्या. तो सीन तसाही त्यांच्या गप्पांचाच आहे.

पारितोषिक आणि चित्रपटगृह यांच्यातलं अंतर किती ते ऐक. ‘कोर्ट’ला सात महिने लागले, एप्रिल २०१५ला लागला. ‘साबर बोंडं’ला आठ, १९ सप्टेंबर २०२५ला राणा दग्गुबातींच्या स्पिरिट मीडियाने भारतात आणला. अमेरिकेसाठी स्ट्रँड रिलीझिंगने घेतला. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ला टोरोंटोत दाखवला गेला आणि आपल्याकडे मार्च २०२५ला लागला, म्हणजे दीड वर्ष. तेवढा काळ कर्जाचे हप्ते चालूच राहतात, हे आजच मनाशी धर. सेन्सॉरचं प्रमाणपत्र घाईने काढू नकोस. महोत्सवाच्या खेळांना माहिती-प्रसारण मंत्रालयाची सूट असते, आणि राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रमाणपत्राचंच वर्ष धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढलेला कागद तुला नको त्या वर्षात बसवेल.

आणि वितरक भेटला की एक गोष्ट तू स्वतः बोल, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ती सुचणार नाही. सिनेमा शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर सोमवारपासून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरायला लागतात. आपल्या पिंपरी-भोसरीत कित्येक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे कंपन्यांतल्या ज्या बायकांवर तू सिनेमा केलास त्यांना तो बघायला सवड मिळते त्या दिवसापर्यंत बहुतेक खेळ गेलेले असतात. पडदे कमी घे. प्रत्येक पडद्याचं डिजिटल भाडं तसंही निर्मात्याच्या अंगावर येतं. पण चिंचवड आणि चाकणच्या बाजूला बुधवार-गुरुवारची संध्याकाळ करारात लिहून घे. पहिल्या पाळीच्या बसेस साधारण चारला सुटतात ना? मग सहाचा खेळ माग.

येत्या गुरुवारी हार्ड डिस्क घेऊन ये. बसचा सीन आधी लावू, मग त्या मेलला नाही म्हणून कळवू.