व्यावसायिक परिचयाचे पुनर्लेखन

लिंक्डइन या व्यावसायिक संपर्काच्या संकेतस्थळावर 'About' या सदरात परिचयासाठी २,६०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. तथापि वाचकास प्रथम केवळ सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात; उर्वरित मजकूर उघडावयाचा किंवा नाही, हे तो त्या ओळींवरून ठरवितो. त्या जागी सेवांची यादी दिल्यास हे लेखन नेमके कोणासाठी आहे, याचा बोध होत नाही.

उदाहरणादाखल नाशिक येथील एका लेखा सल्लागाराचा परिचय घेऊ. "जीएसटी विवरणपत्रे, आयकर, पगारपत्रके, प्रकल्प अहवाल, कंपनी नोंदणी : सर्व सेवा एकाच ठिकाणी", अशी त्याची सुरुवात होती. परिणामी एखादे विवरणपत्र स्वस्तात भरून हवे असलेले लोकच विचारणा करीत.

पुनर्लेखनापूर्वी गेल्या दोन वर्षांतील कामांची नोंद समोर ठेवावी. कोणते काम उत्तम झाले, कोणाचे पैसे वेळेवर आले आणि कोणते काम पुन्हा करावेसे वाटते, हे तीन प्रश्न प्रत्येक कामास लावावेत. या सल्लागाराच्या बाबतीत तिन्ही कसोट्यांना उतरलेली कामे शेतकरी उत्पादक कंपन्यांची होती. म्हणून नवी सुरुवात अशी झाली : "सभासदांकडून माल घेतला, पैसेही दिले, परंतु लेखापरीक्षणाच्या वेळी सभासदनिहाय हिशेब जुळत नाही, अशा शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी, साठा व देयके यांची खाती मी दरमहा जुळवून देतो."

या एका वाक्यात ग्राहक, त्याची अडचण आणि कामाचे फलित ही तिन्ही येतात. पुढील परिच्छेदात ग्राहकाचे नाव न देता एका पूर्ण झालेल्या कामाची हकिकत द्यावी. त्यानंतर, "केवळ एका विवरणपत्राचे काम घेतले जात नाही", अशी मर्यादा स्पष्ट करावी. शेवटी संपर्काच्या वेळी काय पाठवावे ते सांगावे. येथे सभासदसंख्या आणि मागील वर्षाचा ताळेबंद मागविला आहे.

जुनी यादी मात्र टाकून देऊ नये. शोध घेणारे लोक सेवेच्या नावानेच शोधतात. म्हणून ती नावे कौशल्यांच्या व सेवांच्या स्वतंत्र सदरांत ठेवावीत आणि मुख्य सेवा नावाखालील शीर्षओळीत द्यावी.

लेखन साधले किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही सल्लागाराच्या नावाखाली जसाच्या तसा शोभत असेल, तर तो अजून मोघम आहे. बदलानंतर विचारणांची संख्या घटू शकते. त्यामुळे संख्या न मोजता त्यांपैकी किती योग्य ग्राहकांच्या आहेत, याची दोन-तीन महिने नोंद ठेवावी. योग्य विचारणाही घटल्या, तर निवडलेले क्षेत्र फार अरुंद आहे किंवा त्या ग्राहकांचा या संकेतस्थळावर वावर नाही, असे समजावे. नव्याने व्यवसायात आलेल्या व्यक्तीजवळ तपासण्याजोगी कामेच नसतात. तिने प्रथम विविध कामे करावीत आणि क्षेत्र मागाहून निश्चित करावे.