तेवीस गुण गेले कुठे?

मुलगा आठवीतून नववीत गेला, गणितात जेमतेम होता. शेजारच्या मुलीला ज्या क्लासमुळे भरपूर गुण मिळाल्याचं कळलं, त्याच क्लासला जूनमध्ये बेचाळीस हजार रुपये भरून आलो. एकरकमी भरले तर दहा टक्के सूट, म्हणून एकरकमी. डेमो लेक्चर ज्या सरांनी घेतलं ते खरंच छान शिकवत होते. ते आमच्या बॅचला पुन्हा कधी आले नाहीत, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

ऑक्टोबरात प्रथम सत्राचा निकाल लागला. बीजगणितात ४० पैकी १७. आधी मुलाला बोललो, मग क्लासला फोन केला. त्यांनी वर पाच हजार भरून 'डाउट बॅच' सुचवली. तेव्हा कुठे मला उत्तरपत्रिका उघडून बघायचं सुचलं. जे जूनमध्ये करायचं ते मी ऑक्टोबरात केलं.

रविवारी दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि गेलेला एकेक गुण कशामुळे गेला ते कागदावर लिहीत गेलो. गेलेल्या २३ गुणांपैकी ८ गुणांचं त्यानं लिहिलंच नव्हतं, वेळ संपली होती. रीतच माहीत नव्हती असे फक्त ४. उरलेले ११ चिन्हांत आणि अपूर्णांकांत गेले होते. बहुपदींची वजाबाकी होती: (5x² − 2x) − (3x² − 7x). यानं उत्तर लिहिलं 2x² − 9x. कंस सोडवताना आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललंच नाही. बरोबर उत्तर 2x² + 5x.

मी फक्त म्हटलं, "पुन्हा कर." उत्तर पुन्हा तेच. 'पुन्हा बघ' म्हटल्यावर मूल स्वतःच चूक पकडत असेल, तर तो धांदरटपणा. त्याला शिकवणी लागत नाही, तपासून बघण्याची सवय लागते. पण तीच चूक पुन्हा आली, तर मागे काहीतरी राहिलंय. म्हणून त्याला −3 − (−8) करायला दिलं. उत्तर आलं −11. हे सहावी-सातवीचं काम, आणि नववीच्या बॅचमध्ये साठ मुलांसमोर ते कोण घेणार? क्लास रोज पुढचा धडा शिकवत होता, माझ्या मुलाचं गाडं मागच्याच धड्यात रुतलेलं.

वेळेच्या ८ गुणांसाठी तर शिक्षक लागलेच नाहीत. दर रविवारी घड्याळ लावून दोन तासांची एक पत्रिका सोडवायची. अडलेलं गणित पाच मिनिटांत सुटलं नाही तर पुढे जायचं. एवढंच केलं.

दिवाळीत क्लास सोडला. पैसे परत मागितले, तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही'. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असं त्यांत आहे. पण अंमलबजावणी राज्यांनी करायची, आणि घरगुती शिकवण्या त्यात येत नाहीत. म्हणून व्यवहारी मार्ग एकच, फी महिन्याच्या महिन्याला द्यायची. जो एकरकमीचाच आग्रह धरतो, त्याच्याकडे मी आता जाणार नाही, सूट कितीही असो.

दुसऱ्यांदा शोधताना डेमो नको म्हणालो. 'चालू बॅचला अर्धा तास मागे बसू द्या' असं म्हटल्यावर दोन ठिकाणी नकार मिळाला, तिथेच विषय संपला. एका ठिकाणी बसू दिलं, पण सर तीस मिनिटं फळ्याकडेच बघत होते. दुसरी मागणी जास्त कामाची ठरली: एखाद्या मुलाची वही दाखवा. वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर कुणी तपासलेलं नाही, उत्तर बघून टिक मारलीय. चूक कुठल्या ओळीत झाली तिथे लाल शाईची खूण हवी. दारावरच्या फ्लेक्सवर ९८ टक्केवाल्यांचे फोटो असतात. मी जिथे गेलो तिथे विचारायचो की ५० टक्क्यांवर आलेलं एखादं मूल वर्षभरात कुठे पोचलं. नाव नको, नुसतं सांगा. बहुतेकांना आठवेना.

शेवटी गल्लीतल्याच निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. मी फी विचारली, तर त्या म्हणाल्या, "आधी जुनी उत्तरपत्रिका दाखवा." मी ती बरोबर नेलीच होती. त्यांनी ती चाळली, मुलाला समोर बसवून चार गणितं दिली आणि मला म्हणाल्या, "सातवीपासून घेते. आठवड्यातून दोनदा, चार महिने. त्यानंतर याला पाठवू नका."

फेब्रुवारीअखेर त्यांनी खरंच बंद केलं. मुलगा अजून त्यांच्याकडे जातो, पण बुद्धिबळ खेळायला.