शंभर लॉकर आणि उघडे राहिलेले दहा

प्रश्न : एका लांब व्हरांड्यात ओळीने शंभर लॉकर आहेत, सगळे बंद. पहिला माणूस येतो आणि सगळेच उघडत जातो. दुसरा येतो आणि 2, 4, 6 असे दर दुसरे लॉकर लावून टाकतो. तिसरा 3, 6, 9 अशा दर तिसऱ्या लॉकरपाशी थांबतो. बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर लावतो. असे ओळीने शंभर जण जातात. शेवटी 1, 4, 9, 16 असे वर्गसंख्यांचे दहाच लॉकर उघडे राहतात, एवढं माझ्या नववीतल्या मुलीला माहीत आहे. पण ती विचारते, ‘वर्गसंख्याच का? मूळ संख्या का नाहीत? त्यांना तर फारसं कोणी हातच लावत नाही.’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीने प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. मूळ संख्यांबद्दल तिला जे वाटतं तेही खरं आहे. पहिला लॉकर सोडला तर त्या लॉकरांनाच कमीत कमी हात लागतात. तरी ते बंद का राहतात, हे तिने एकदा पाहिलं की बाकीचं कोडं तिचं तिलाच सुटेल.

हे कोडं अवघड वाटतं, कारण आपण माणसांच्या मागे चालत राहतो. पहिल्याने काय केलं, दुसऱ्याने काय केलं, असं करत पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत डोक्यातली ओळ विस्कटून जाते. त्यापेक्षा एकाच लॉकरपाशी उभं राहावं आणि आपल्या दाराला कोण कोण हात लावून जातं ते मोजावं. आपण 12 क्रमांकाच्या लॉकरपाशी उभे राहू.

पहिला माणूस येणारच. दुसरा येतो, कारण 12 दोनच्या पाढ्यात आहे. तिसरा येतो, चौथाही येतो. पाचव्याच्या पाढ्यात 12 नाही, म्हणून तो 10 ला थांबून सरळ 15 कडे जातो. सहावा येतो. सातव्यापासून अकराव्यापर्यंत कोणी थांबत नाही. मग स्वतः बारावा येतो, आणि त्याच्यानंतरचे सगळे पुढच्याच लॉकरपासून सुरुवात करतात. म्हणजे 1, 2, 3, 4, 6 आणि 12 असे सहा जण. ज्यांनी 12 ला पूर्ण भाग जातो तेच हे, म्हणजे 12 चे विभाजक. दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. सहा ही सम संख्या, म्हणून दार शेवटी बंद.

आता ही सहा माणसं पाढ्यात कशी बसतात ते पाहा. बारा एके बारा, बे सक बारा, तीन चोक बारा. एकाचा जोडीदार 12, दोनाचा 6, तिनाचा 4. कुठलाही विभाजक एकटा येत नाही. त्याने भाग दिल्यावर जो भागाकार येतो तोही विभाजकच असतो. जोडीतल्या एकाने दार हलवलं की दुसरा ते पुन्हा पहिल्यासारखं करतो. सगळ्या माणसांच्या अशा जोड्या लागल्या तर दार जसं होतं तसंच राहणार, म्हणजे बंद.

मूळ संख्यांचंही हेच होतं. 13 ला फक्त दोघे हात लावतात, 1 आणि 13. पहिला उघडतो, तेरावा लावतो. हात कमी लागले खरे, पण दोन हीसुद्धा समच. उलट टोकाला 60, 72, 84, 90 आणि 96 हे लॉकर घ्या. शंभरांत सगळ्यात जास्त हात यांनाच लागतात, प्रत्येकी बारा वेळा. तेही बंदच. किती वेळा हात लागला याला इथे महत्त्व नाही. ती संख्या सम की विषम एवढंच दार विचारतं.

मग विषम कधी होणार? एखाद्या विभाजकाला जोडीदारच मिळाला नाही तर. आणि जोडीदार न मिळण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे तो स्वतःच स्वतःचा जोडीदार असणं. 16 पाहा : सोळा एके सोळा, बे आठी सोळा, आणि मग चार चोक सोळा. एक आणि सोळा ही जोडी, दोन आणि आठ ही जोडी. चारला मात्र जोडीदार म्हणून चारच मिळतो, आणि चौथा माणूस तर एकदाच येणार. म्हणून एकूण पाच हात, आणि दार उघडं. एखादी संख्या त्याच संख्येने गुणून जी मिळते तिलाच आपण वर्गसंख्या म्हणतो. म्हणून उघडे राहतात ते वर्गसंख्यांचेच लॉकर, आणि एकही वर्गसंख्या त्यातून सुटत नाही. शंभरपर्यंत 1 पासून 10 पर्यंतच्या संख्यांचे दहा वर्ग. लॉकर आणि माणसं हजार-हजार असती तर 31, कारण 31 चा वर्ग 961 आणि 32 चा वर्ग हजाराच्या पुढे जातो.

मुलीला हे हातांनी करून पाहू द्या. दहा चिंचोके फोडले की वीस फाका मिळतात, एका बाजूने तपकिरी आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या. तपकिरी बाजू वर ठेवून त्या फरशीवर ओळीने मांडा. तपकिरी म्हणजे बंद, पांढरी म्हणजे उघडा. आम्ही घरी हे केलं तेव्हा पहिल्या खेपेला सगळं चुकलं. माझी भाची प्रत्येक माणसाला पहिल्या फाकेपासून चालवत होती. तिसऱ्या माणसासाठी तिने 1, 4, 7 उलटले. पण तिसरा माणूस सुरुवात करतो 3 पासून, चौथा 4 पासून. प्रत्येकाने आपापल्या पाढ्यातच चालायचं. ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. पहिल्या लॉकरला आयुष्यात एकदाच हात लागतो. पहिल्या माणसानंतर ती फाक कोणी उलटली, तर तिथेच थांबून पुन्हा मांडा.

दुसऱ्या खेपेला आणखी एक गोष्ट करा. दहावा माणूस जाऊन आला की हात थांबवा आणि ओळ नीट पाहा. पहिल्या दहांत फक्त 1, 4 आणि 9 पांढऱ्या दिसतील. पण 11 ते 20 मध्ये सगळ्या पांढऱ्या, आणि मधोमध 16 एकटी तपकिरी! उत्तर नेमकं उलटं दिसतं. भाची म्हणाली, ‘मामा, चुकलं.’ चुकलं नव्हतं. अकरावा माणूस 11 उलटतो, आणि त्याच्या पाढ्यातली पुढची संख्या 22 तर ओळीतच नाही. म्हणजे अकराव्यापासून विसाव्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एकच फाक, स्वतःच्या क्रमांकाची. ते दहा जण येतात आणि दुसऱ्या अर्ध्या ओळीला एकेकदा उलटून जातात. पांढऱ्या तपकिरी होतात आणि 16 पांढरी होते. शंभरांच्या ओळीतही पन्नासावा माणूस गेल्यावर असंच दिसेल. पुढच्या अर्ध्यात 47 लॉकर उघडे, आणि बंद फक्त तीन : 64, 81 आणि 100. शेवटचे पन्नास जण एकेका दाराला हात लावून हे सगळं उलटवतात. कोणी घाईने पन्नासाव्या माणसापाशीच मोजणी थांबवली तर त्याला 54 लॉकर उघडे दिसतील आणि कोडंच खोटं वाटेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी पुढे विचारेल अशी मला खात्री आहे : एखादा माणूस आलाच नाही तर? समजा सातवा गैरहजर राहिला. मग सातच्या पाढ्यातले 7 पासून 98 पर्यंतचे चौदा लॉकर, ज्यांना त्याचा हात लागणार होता, ते सगळे उलट्या स्थितीत राहतील. त्यात 49 ही एकटीच वर्गसंख्या, तिचं दार बंद होईल आणि उरलेले तेरा उघडे राहतील. दहाऐवजी बावीस लॉकर उघडे.

मला यातली पुढची गोष्ट फार आवडते. हजेरीपट न पाहता, नुसती ओळ पाहून कोण आलं नव्हतं ते सांगता येतं. ओळीच्या सुरुवातीपासून बघत जा आणि पहिला चुकीचा लॉकर शोधा : उघडा असायला हवा होता पण बंद आहे, किंवा उलट. त्याचा जो क्रमांक, तोच सगळ्यात लहान क्रमांकाचा गैरहजर माणूस. लॉकर चुकतो तो त्याच्या विभाजकांपैकी कोणीतरी आलं नसेल तरच, आणि विभाजक लॉकरच्या क्रमांकापेक्षा मोठा असू शकत नाही. गैरहजरांमधला सगळ्यात लहान माणूस स्वतःच्या क्रमांकाचं दार नक्की बिघडवतो, आणि त्याच्याआधीचं एकही दार बिघडत नाही. तो सापडला की त्याच्या पाढ्यातले लॉकर तुम्ही स्वतः उलटून ठेवा आणि पुढचा चुकलेला शोधा. कितीही जण आले नसले तरी एकेक करून सगळे सापडतात. फक्त एक मर्यादा आहे. कोणी आलंच नव्हतं की दोनदा येऊन गेलं, हे ओळ सांगू शकत नाही, कारण दोनदा हलवलेलं दार न हलवल्यासारखंच असतं. कोण आधी आलं आणि कोण नंतर हेही कळत नाही. माणसं कुठल्याही क्रमाने सोडा, शेवटी उघडे लॉकर तेच राहतात.

आता मुलीसाठी एक काम. वीस फाका पुन्हा तपकिरी मांडा, आणि या खेपेला 4, 8, 9, 12, 16, 18 आणि 20 या सात जणांना येऊच देऊ नका. या सातही संख्यांना 4 ने किंवा 9 ने, म्हणजे एकापेक्षा मोठ्या वर्गसंख्येने, भाग जातो. उरलेले तेरा जण जाऊन आले की पूर्ण ओळीत पहिली एकच फाक पांढरी राहील. बाराव्या फाकेला आता 1, 2, 3 आणि 6 हे चौघेच हात लावतात; त्यांच्या जोड्या कशा लागतात ते तिने शोधावं आणि मला लिहून कळवावं.