मशीन म्हणालं लिम्फोसाइट, काच म्हणाली ब्लास्ट

प्रश्न : माझ्या भावाचा सहा वर्षांचा मुलगा पाटण तालुक्यात असतो. दोन-अडीच आठवडे ताप येत-जात होता, मग पायांवर निळे डाग उठले. प्लेटलेट २२,००० निघाल्या म्हणून डेंग्यू धरून उपचार चालले. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी ३४,००० आणि लिम्फोसाइट ९४ टक्के होत्या. संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला, “काचेवर ब्लास्ट आहेत, थांबू नका.” मशीनला न कळलेलं काचेवर कसं कळलं? आणि एका थेंबावरून खात्री धरायची का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पावसाळ्यात सातारा-सांगलीकडे ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की आधी डेंग्यू आठवतो, आणि बहुतेक वेळा तो डेंग्यूच असतो. पण तुम्ही पाठवलेले आकडे डेंग्यूशी जुळत नाहीत. डेंग्यूत रक्तातलं पाणी झिरपून रक्त घट्ट होतं. त्यामुळे मोठा रक्तस्राव नसेल तर हिमोग्लोबिन ६.८ पर्यंत उतरत नाही, उलट वर सरकतं. पांढऱ्या पेशीही सहसा कमी होतात, इथे त्या ३४,००० आहेत. शिवाय डेंग्यूचा ताप आठवड्याभरात उतरतो.

मशीन पेशी मोजतं ते त्यांच्या आकारावरून आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश कसा विखुरतो त्यावरून. ब्लास्ट म्हणजे मॅरोमध्येच राहायला हवी होती अशी, वाढ अर्धवट झालेली पेशी. मशीन तिला अनेकदा लिम्फोसाइट किंवा मोनोसाइटच्या खात्यात टाकतं. चांगलं यंत्र शंका आली की रिपोर्टावर खूण उमटवतं, पण ती वाचून काच लावायची की नाही, हे माणसाच्या हातात असतं. तुमच्या लॅबच्या डॉक्टरांनी ती लावली.

काच करायची रीत जुनीच आहे. एक थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या तिरप्या कडेने तो ओढून पातळ थर पसरवायचा, वाळवायचा आणि लीशमनच्या रंगाने रंगवायचा. जिथे थर एका पेशीइतका पातळ असतो तिथे तेलाच्या लेन्सखाली बघतात. निरोगी मुलाच्या काचेवर पाच-सातशे तांबड्या पेशींमागे एखादीच पांढरी दिसते. इथे मात्र एकसारख्या मोठ्या जांभळ्या पेशींची दाटी असते. प्रत्येकीत केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेलं, त्यातली जाळी बारीक आणि सैल, आत फिकट ठिपके, आणि बाहेर निळसर पेशीद्रवाची जेमतेम किनार. विषाणूच्या तापात उत्तेजित झालेल्या लिम्फोसाइटही मोठ्या दिसतात, पण त्यांचा पेशीद्रव भरपूर असतो आणि शेजारच्या तांबड्या पेशींना चिकटून तो वेडावाकडा पसरतो. शिवाय त्या एकीसारखी एक नसतात. इथेच अनुभवी डोळा कामाला येतो.

ताप का हटत नव्हता, हेही रिपोर्टातच आहे. न्यूट्रोफिल फक्त १ टक्का दिसतात. ३४,००० चा एक टक्का म्हणजे ३४०. पाचशेच्या खाली गेलं की साधा जंतुसंसर्गही घातक ठरू शकतो. पांढऱ्या पेशी भरपूर, पण कामाची एकही नाही म्हटलं तरी चालेल. मॅरो ब्लास्टनी भरल्यामुळे तांबड्या पेशी आणि प्लेटलेटही घटल्या. फिकेपणा आणि डाग त्यातूनच आले.

आता खात्रीचं. काच रक्ताच्या कर्करोगाकडे जोरदार बोट दाखवते, पण त्याचा प्रकार ठरवत नाही. मुलांमध्ये लिम्फोब्लास्टिक प्रकार सर्वाधिक असतो, मात्र मायलॉइड प्रकाराचे उपचार वेगळे असल्याने मॅरोची तपासणी, फ्लो सायटोमेट्री आणि गुणसूत्रांची चाचणी लागते. उलटही घडतं: काही मुलांच्या रक्तात ब्लास्ट फारसे उतरतच नाहीत, म्हणून काच साफ आली तरी संशय असेल तर मॅरो बघावाच लागतो.

प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून निदानाआधीच स्टिरॉइड सुरू करण्याची चूक आपल्याकडे होते, आणि माझ्या मते या आजारात तीच सर्वांत महागात पडते. लिम्फोब्लास्टिक प्रकारात स्टिरॉइडने काही दिवसांतच ब्लास्ट विरतात, मूल बरं वाटतं, आणि मॅरोचा नमुना फसवा येतो. आजार गेलेला नसतो. पुढे तो उलटतो तेव्हा मूळचा धोका किती होता हे ठरवणंही अवघड होतं.

म्हणून कराड, मिरज, पुणे किंवा परळच्या टाटा रुग्णालयात, जिथे जाल तिथे रंगवलेली काच, एक-दोन न रंगवलेल्या काचा आणि मशीनचा मूळ कागद सोबत न्या. दिलेल्या सगळ्या औषधांची नावं सांगा, स्टिरॉइड असेल तर तारखेसह. वाटेत दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनही नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन निघा. कागदपत्रं कमी असली तरी त्यासाठी मुलाला घरी थांबवू नका, ती मागाहून पोचवता येतील.