हनुमान जयंतीच्या निरनिराळ्या तिथी

महाराष्ट्रात चैत्र शुद्ध पौर्णिमेस सूर्योदयी श्रीहनुमंताचा जन्मोत्सव साजरा होतो. अयोध्येतील हनुमानगढीत मात्र तो कार्तिक कृष्ण चतुर्दशीस होतो. हे कसे, असा प्रश्न भाविकांना पडणे साहजिक आहे.

वाल्मीकि रामायणात श्रीरामजन्माची तिथी दिली आहे. हनुमंताच्या जन्माची कथा आहे, परंतु तिथी नाही. ती पुढील ग्रंथांनी व परंपरांनी निश्चित केली. त्यामुळे तमिळनाडूत मार्गळी महिन्यात, मूळ नक्षत्र व अमावास्येच्या सुमारास जयंती होते. आंध्र व तेलंगणात चैत्र पौर्णिमेस दीक्षा घेऊन तिची सांगता वैशाख वद्य दशमीस करतात. वद्य पक्षाच्या पंधरा, शुद्ध पक्षाच्या पंधरा व पुढील दहा अशा चाळीस तिथी होतात. पौर्णिमा धरून एक्केचाळीस. तेथे हाच सांगतेचा दिवस जयंतीचा मानतात.

काही ठिकाणी मात्र दिवस एकच असून नाव तेवढे वेगळे असते. महाराष्ट्रात व गुजरातेत महिना अमावास्येस संपतो. उत्तरेकडे तो पौर्णिमेस संपतो. शुद्ध पक्षाच्या महिन्याचे नाव दोन्हीकडे सारखेच राहते; वद्य पक्षात मात्र उत्तरेकडील नाव एक महिना पुढे असते. म्हणून अयोध्येची कार्तिक कृष्ण चतुर्दशी म्हणजे आपली आश्विन वद्य चतुर्दशी, अर्थात नरकचतुर्दशी होय. स्वामिनारायण संप्रदायाच्या शिक्षापत्रीतही याच तिथीस हनुमंताच्या पूजनाची आज्ञा आहे. सावद्यात स्वामिनारायण मंदिर असल्याने, चैत्रातील जन्मोत्सव आणि आश्विनातील पूजन या दोन्ही परंपरा येथील भाविकांना परिचित आहेत.

चैत्र पौर्णिमा शुद्ध पक्षातील असल्यामुळे सावद्यास व बऱ्हाणपुरास जयंती एकाच दिवशी येते. भेद दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. येथे चैत्र वद्य प्रतिपदा, तर तेथील पंचांगात वैशाख कृष्ण प्रतिपदा असते. बऱ्हाणपूरकडील एखाद्या भाविकाने वडिलांच्या स्मरणार्थ वैशाख कृष्ण पंचमीस अभिषेक नोंदविला आणि तो येथील पंचांगाप्रमाणे धरला, तर अभिषेक एक महिना उशिरा होईल. त्यांची ती तिथी म्हणजे आपली चैत्र वद्य पंचमी.

पौर्णिमा दोन दिवसांवर विभागली गेल्यास सूर्योदयी असणारी पौर्णिमा जन्मोत्सवासाठी घेतात. १ एप्रिल २०२६ रोजी पौर्णिमा सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर संपते. म्हणून त्या वर्षी जयंतीचा दिवस २ एप्रिल येतो.

वार्षिक पूजा नोंदविताना देणगीदारांनी महिना, पक्ष व तिथी यांसोबत आपले पंचांग महाराष्ट्रातील की उत्तरेकडील, हेही अवश्य लिहावे. मूळ प्रसंगाची इंग्रजी तारीख व वर्ष दिल्यास तिथीची खात्री करून घेता येते.