बदामचा राजा कितीदा मोजला?

बरीच वर्षं दहावीला गणित शिकवलं. संभाव्यतेचा धडा मुलांना आवडतो, कारण त्यात फासे असतात, पत्ते असतात आणि सूत्र एकच, P(A) = n(A)/n(S). अट पूर्ण करणारे घटक वर, सगळे घटक खाली. मलाही तो सोपा वाटायचा. त्यातलं अवघड काम भागाकाराचं नाही, मोजण्याचं आहे, हे मला मुलांनी शिकवलं. त्यातले काही धडे इथे लिहिते आहे.

१. आधी मी मोजायला चुकले, आणि तेही फळ्यावर. प्रश्न साधा होता. 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो बदामचा किंवा राजा असण्याची संभाव्यता किती? बदामचे 13, राजे 4, म्हणून मी 17/52 लिहून मोकळी झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, सोळा येतात.” मी तिला “पुन्हा मोज” म्हटलं. तिने पुन्हा मोजले, पुन्हा सोळाच आले. तिने बेरीज केलीच नव्हती. एक्क्यापासून राजापर्यंत बदामचे तेरा पत्ते वहीत लिहिले होते आणि त्यांच्याखाली फक्त तीन राजे, इस्पिक, किलवर आणि चौकटचे. बदामचा राजा वरच्या ओळीत येऊन गेला होता. माझ्या 17 मध्ये तो दोनदा होता, एकदा बदाम म्हणून आणि एकदा राजा म्हणून. म्हणून 13 + 4 − 1.

त्याच तासाला एका मुलाने विचारलं, “मग तो राजा काढूनच टाकायचा ना? चहा किंवा कॉफी म्हटलं की दोन्ही थोडंच देतात!” त्याचं उत्तर 15 होतं. रोजच्या बोलण्यातला ‘किंवा’ बहुतेक वेळा एकच निवडायला सांगतो. गणितातला ‘किंवा’ दोन्ही अटी पाळणाऱ्यालाही आत घेतो. ‘दोन्हींपैकी नेमकी एकच अट’ असं प्रश्नात म्हटलं असतं, तर त्याचे 15 बरोबर होते. तेव्हापासून मी या उदाहरणाची तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिते, 15, 16 आणि 17, आणि प्रत्येकात बदामचा राजा कितीदा मोजला आहे ते मुलांना विचारते. शून्यदा, एकदा, दोनदा.

२. पत्ते सगळ्यांना माहीत असतात, हा माझा समज होता. वर्गात कितीतरी मुलं, त्यातही मुली, अशा घरांतून येतात जिथे पत्त्यांना हातही लावू देत नाहीत. त्यांची अडचण गणिताची नसते. चौकट लाल की काळी हेच माहीत नसतं, तर लाल राण्या किती हे त्यांनी कसं सांगावं? एका मुलीच्या पेपरात चित्रयुक्त पत्ते 16 आले होते. तिने एक्केही धरले होते, कारण इस्पिकच्या एक्क्यावर मोठं चित्र असतं. तिचा तर्क मला आजही पटतो. पण चित्रयुक्त म्हणजे गुलाम, राणी, राजा, चार रंगांत मिळून 12. आता धड्याच्या पहिल्या दिवशी मी कॅट घेऊन जाते आणि बाकांवर चार ओळींत तेरा-तेरा पत्ते मुलांकडूनच मांडून घेते.

३. दोनदा मोजलेलं एकदा वजा करायचं, हे कळलं की सगळं कळलं असं मला वाटायचं. मग मीच एक प्रश्न बनवला. पत्ता लाल, चित्रयुक्त किंवा राजा असण्याची संभाव्यता किती? एका हुशार मुलाने शिस्तीत मांडलं. लाल 26, चित्रयुक्त 12, राजे 4, बेरीज 42. आता दोनदा आलेले वजा करू. लाल चित्रयुक्त 6, लाल राजे 2, चित्रयुक्त राजे 4, एकूण 12. उत्तर 30. पायऱ्या इतक्या नेटक्या होत्या की मीही मान डोलावली.

मग पत्ते मांडले. लाल सगळे 26 एका बाजूला, त्यांत काळे गुलाम, राण्या आणि राजे मिळून 6 मिळवले. झाले 32. दोन पत्ते कुठे गेले? आम्ही एकेक पत्ता उचलून विचारत गेलो, ‘तुला कितीदा मोजलं, कितीदा वजा केलं?’ बदामची राणी लाल म्हणून एकदा, चित्रयुक्त म्हणून एकदा मोजली आणि एकदा वजा केली, म्हणजे हिशेबात एकदाच उरली. इस्पिकचा राजा चित्रयुक्त म्हणून आणि राजा म्हणून मोजला, एकदा वजा झाला. तोही ठीक. पण बदामचा राजा लाल आहे, चित्रयुक्त आहे आणि राजा आहे. तो तीनदा मोजला आणि तिन्ही वजाबाक्यांत तीनदा वजाही झाला. हिशेबात तो उरलाच नाही. चौकटच्या राजाचंही तेच. ते दोघे परत मिळवले की 32.

दुसरी गोष्ट त्या मुलानेच दाखवली. सगळे राजे चित्रयुक्त असतातच, मग ‘किंवा राजा’ या शब्दांनी एकही नवा पत्ता आत येत नाही. लाल किंवा चित्रयुक्त एवढंच मोजलं असतं तर 26 + 12 − 6, लगेच 32. फाशांतही असं होतं. दोन फाशांची बेरीज सम असण्याचे 18 घटक आणि दोन्ही अंक सारखे असण्याचे 6, म्हणून मुलं 24 लिहितात. पण सारख्या अंकांची बेरीज नेहमी समच असते. ते सहाही त्या अठरांतच आहेत, उत्तर 18. एक अट दुसरीच्या पोटात तर नाही ना, हे आधी बघितलं की बरीच मोजणी वाचते.

४. दोनदा मोजू नका, दोनदा मोजू नका, असं सारखं सांगण्याचाही तोटा होतो. मुलं इतकी सावध होतात की दोन वेगळे घटक एकच समजून एक खोडतात. “दोन्ही फासे सारखेच आहेत, मग (1, 6) आणि (6, 1) एकच की, बाई. कोणता फासा कोणता, हे कुणाला कळतं?” या प्रश्नावर मी कितीतरी वर्षं “पुस्तकात 36 आहेत” असं उत्तर देत होते. ते उत्तर नव्हतं.

मुलाच्या हिशेबाने 21 जोड्या होतात, सारख्या अंकांच्या 6 आणि वेगळ्या अंकांच्या 15. एकदा ठरवलं की फाशांनाच विचारू. वर्गातल्या तीस मुलांनी दोन-दोन फासे बारा-बारा वेळा टाकायचे, एकूण 360 वेळा, आणि दोन्ही अंक सारखे किती वेळा आले तेवढंच टिपायचं. 21 जोड्यांची शक्यता सारखी असेल तर सारखे अंक साधारण 103 वेळा यायला हवेत. 36 मधले 6 असतील तर 60 वेळा. एकेका बाकावरून आकडे गोळा करत गेलो, तेव्हा बेरीज साठाच्या आसपास थांबली, शंभराजवळही गेली नाही. मग एक लाल आणि एक पांढरा फासा हातात घेऊन कारण दाखवलं. लालवर 1 आणि पांढऱ्यावर 6 ही एक गोष्ट, लालवर 6 आणि पांढऱ्यावर 1 ही दुसरी. पण दोन्हींवर 6 यायला वाट एकच. रंग पुसून टाकला तरी फाशांना त्याची खबर नसते, ते पडायचे तसेच पडतात.

लाइब्निझसारख्या गणितज्ञाचंही इथे चुकलं होतं. दोन फाशांत 11 आणि 12 या बेरजा एकेकाच प्रकारे होतात, म्हणून त्यांची शक्यता सारखी, असं त्याने मानलं. खरं तर 11 चे दोन घटक आहेत, (5, 6) आणि (6, 5). 12 चा एकच. गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तीन फाशांचा असाच गुंता सोडवला. बेरीज 9 चे तिकडी प्रकार सहा, बेरीज 10 चेही सहा, तरी खेळणाऱ्यांना 10 जास्त वेळा दिसायचे. त्याने क्रम धरून मोजलं. 216 पैकी 9 चे 25 आणि 10 चे 27. फरक मुख्यतः 3, 3, 3 या तिकडीचा, कारण ती एकाच प्रकारे पडते.

५. यावर पुढच्या इयत्तेतल्या एका मुलीने मला पेचात पकडलं. “मग दोन पत्ते काढताना आपण क्रम का धरत नाही? तिथे 1326 जोड्याच का घेतो?” उत्तर सापडायला मला घरी जाऊन कागद घ्यावा लागला. एकदम काढलेल्या दोन पत्त्यांत तोच पत्ता पुन्हा येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक जोडी बरोबर दोनच क्रमांनी बनते, एकही जोडी त्याला अपवाद नाही. क्रम सोडला तर सगळ्यांचेच निम्मे होतात आणि शक्यता सारख्याच राहतात. फाशांत (6, 6) अपवाद आहे, म्हणून तिथे क्रम सोडता येत नाही. एवढंच, की अंशात क्रम सोडला तर छेदातही सोडायचा.

तिच्याच वहीत पुढचं गणित होतं, दोन पत्त्यांत किमान एक एक्का. तिने लिहिलं होतं, एक्का 4 प्रकारे, दुसरा पत्ता उरलेल्या 51 पैकी कोणताही, म्हणून 204. वाचताना चूक दिसत नाही. पण इस्पिक आणि बदामचे एक्के आले तर? इस्पिकचा ‘एक्का’ आणि बदामचा ‘दुसरा पत्ता’ म्हणून एकदा, उलट धरून पुन्हा एकदा. एक्क्यांच्या अशा जोड्या 6, त्या दोनदा आल्या, म्हणून 204 − 6 = 198. ताळा करायला एकही एक्का नसलेल्या जोड्या घ्या, त्या 1128. 1326 मधून वजा केल्या की 198 च.

६. ‘किमान’ हा शब्द दिसला की मी आता दोन्ही बाजूंनी मोजते. दोन फाशांत किमान एक 6 असण्याचे घटक मुलं 6 + 6 = 12 सांगतात, तेव्हा वहीत सहा बाय सहाचा चौकोन आखून घेते. शेवटची ओळ रंगवायची, शेवटचा स्तंभ रंगवायचा. कोपऱ्यातलं (6, 6) चं घर दोनदा रंगतं आणि गडद दिसतं. रंगलेली घरं 11.

तीन फाशांना मात्र वहीतला चौकोन पुरत नाही. घरात मूल दहावीत असेल तर दोघं मिळून करून बघा. पहिल्या फाशावर 6 असे 36, दुसऱ्यावर 36, तिसऱ्यावर 36, म्हणजे 108. कुठल्याही दोन फाशांवर 6 असे सहा-सहा, तीन जोड्यांचे 18 वजा केले की 90. आता (6, 6, 6) ला विचारा, तुला कितीदा मोजलं आणि कितीदा वजा केलं. एकही 6 नसलेले घटक 125 आहेत, आणि 216 मधून ते गेले की 91 उरतात.